पहिले घर रिकामे

आमच्या घरात पुस्तक नव्हते. पण कोडी होती. रात्री शेंगा फोडायला बसलो की आई कोडे घालायची. "एका खोलीत दोघी बहिणी, लाल पातळ नेसून निजल्या. दार फोडल्याशिवाय उठायच्या नाहीत. ओळख!" मी हातातली शेंग फोडत फोडत विचार करीत बसे आणि उत्तर माझ्या हातातच असे. आई हसून म्हणायची, "हरलास म्हण, मग सांगते." आईला सही करता येत नाही, पण कोड्याचे उत्तर ऐकणाऱ्याच्या हातात असावे आणि तरी त्याला दिसू नये, ही गोष्ट तिला पुरती ठाऊक होती. मला ती कळायला कॉलेजचे दुसरे वर्ष उजाडावे लागले, आणि तेही एका मुलीमुळे.

ती कोण, हे विचारू नका. आपल्या वाचनालयात जो दुपारी बसतो त्याने तिला पाहिलेले आहे. वर्तमानपत्र आले की बातम्या सोडून ती थेट शब्दकोड्याचे पान काढते. पेन्सिल घेते, पेन नाही. मी कॉलेजात येईपर्यंत शब्दकोडे पाहिलेच नव्हते. आमच्याकडे वर्तमानपत्र येई ते भज्यांखाली. त्यामुळे 'आडवे शब्द', 'उभे शब्द' आणि काळी-पांढरी घरे पाहून मला प्रथम ते सतरंजीचे नक्षीकाम वाटले.

एक दिवस तिने मान वर करून मला विचारले, "तुम्ही खेड्यातले ना? मोटेचे पाणी जिथे पडते ती जागा, तीन अक्षरी?" आमच्या विहिरीवर आता पंप आहे, पण आजोबांच्या तोंडून ऐकलेला शब्द होता. मी म्हणालो, "थारोळे." तिने तो लिहिला आणि सगळा कोपरा भराभर सुटला. वर्गात इंग्रजी उच्चारावरून हसे झालेल्या माझ्यासारख्याचा गावाकडचा एक शब्द कुणाच्या तरी उपयोगी पडला होता. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी कोडी करू लागलो. मोबाईलवर पाठवता आली असती. पण तिच्या घरी फोन एकच आणि तो भावाच्या हातात. तेव्हा वहीच्या कागदावर लिहून टेबलावरून सरकवायची, हाच रस्ता होता.

पहिली चिठ्ठी अशी होती: 'दोन अक्षरी. माझ्या मनात आहे. ओळखा पाहू!' तिने ती वाचली आणि परत सरकवली. खाली लिहिले होते, 'यात कोडे कुठे आहे? तुमच्या मनातले कागदावर नाही. मग सोडवू कशावरून?'

मला राग आला, पण ती खरे बोलत होती. कोडे म्हणजे नुसते लपवणे नव्हे. लपवलेल्या वस्तूकडे जाणारी वाटही त्याच कागदावर असावी लागते. सोडवणाऱ्याला उत्तर सापडले की 'अरे, हे तर समोरच होते!' असे वाटले पाहिजे.

मग मी वाटा शोधू लागलो. सर्वांत सोपी वाट उलट्या शब्दांची. मराठीत शब्द उलटा करताना काना-मात्रा आपल्या अक्षराबरोबरच जातात. 'राग' उलटा केला की 'गरा' होतो. त्यावरून मी लिहिले, 'हिचा राग उलटवला तर गोडच निघतो. पण आधी हाताला तेल लावावे लागते (२).' फणस चिरताना हाताला तेल लावतात, हे तिला ठाऊक होते. ती हसली. मग दुसरे पाठवले, 'डावीकडून वाचा की उजवीकडून, माझ्याकडे बघत नाहीत (३).' उत्तर 'नयन'. त्यावर ती हसली नाही, पण बघितले मात्र.

श्लेषाची वाट अवघड. एका शब्दाचे दोन अर्थ घ्यायचे तर मराठीत लिंग आडवे येते. 'हार' हा शब्द घ्या. फुलांचा तो हार आणि खेळातली ती हार. मी लिहिले, 'जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडतो, हरणाऱ्याच्या पदरी पडते (२).' तिने वाचता वाचता उत्तर दिले. म्हणाली, "'पडतो' आणि 'पडते' लिहून तुम्हीच सांगितलेत की शब्द दोन लिंगांत चालतो. असे शब्द आहेत किती?" म्हणून सगळे अर्थ एकाच लिंगात बसतील असा शब्द हवा. चार दिवसांनी मला 'कर' सापडला. कर म्हणजे पट्टी, कर म्हणजे किरण, कर म्हणजे हात, तिन्ही पुल्लिंगी. मी लिहिले, 'सरकार घेते, सूर्य देतो. मी मागितला तर रागवाल का? (२)' या वेळी तिला अर्धा तास लागला. उत्तर कळल्यावर तिने कागद घडी करून वहीत ठेवला. ती वही बंद झाली तेव्हा माझ्या छातीत काय झाले, ते इथे लिहिण्याजोगे नाही.

आता मला पूर्ण शब्दकोडे करण्याची हाव सुटली. पहिले छापील शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आले. ते आर्थर विन याने केले होते. त्याच्या घरांत एकेकच इंग्रजी अक्षर बसवायचे होते. आपल्या एका घरात अख्खे अक्षर बसते, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळे धरून. 'स्त्री' एका घरात मावते. हे सोयीचे वाटते, पण आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोघांचे अक्षर वेलांटीसकट तंतोतंत एक असावे लागते. मी 'कवी' आडवा घेऊन त्याच्या शेवटच्या घरातून 'विहीर' खाली सोडली. तिने पेन्सिलने तिथे नुसता गोल काढला. 'कवी'तली वी दीर्घ, 'विहिरी'तली पहिली वि ऱ्हस्व. मराठीच्या सरांना विचारले तर ते म्हणाले, जुन्या पुस्तकांत 'कवि' ऱ्हस्व सापडेल, पण आजच्या नियमाने शेवटचा इकार दीर्घ. मी विहीर काढून तिथे 'वीज' सोडली. आमच्या बोलीत ऱ्हस्व-दीर्घ कानाला वेगळे लागत नाही. ते मला पाठ्यपुस्तकाने शिकवले नाही, त्या एका गोलाने शिकवले.

शेवटचे कोडे मी पंधरा दिवस करीत होतो. आलेखाच्या कागदावर पाच घरे आडवी, पाच उभी. मधोमध आडवा शब्द ठेवला 'होकार'. सूचक वाक्य दिले, 'हे सारे सुटल्यावर कोडे घालणाऱ्याला काय द्याल? (३)' 'का'वरून खाली 'काजवा' सोडला, 'र'वरून 'रवा'. 'हो'वरून काय सोडावे? होडी होती, होळी होती, होम होता. पण मी काहीच सोडले नाही. जागा उरत नाही, असे मनाला सांगितले. उरत होती.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. सगळी घरे भरलेली होती. मधल्या ओळीत 'का' आणि 'र' लिहिलेले. पहिले घर रिकामे. खाली तिचे बारीक अक्षर: 'याला दोन उत्तरे येतात. होकारही बसतो, नकारही बसतो. पहिल्या घराला उभ्या शब्दाचा आधार नाही. कोड्याला एकच उत्तर असावे.'

मी तो कागद घेऊन एसटीत बसलो आणि गाव येईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिलो. प्रथम वाटले, चूक दुरुस्त करावी. 'हो'वरून 'होडी' सोडली की पहिले घर बांधले जाते आणि नकाराला जागा उरत नाही. मग लक्षात आले, की तसे केले तर तिचे उत्तर मीच लिहिल्यासारखे होईल. आणि घर मोकळे ठेवले तर कोडे चुकते. दोन्हीकडून अडचण. कारण कोड्याचे उत्तर घालणाऱ्याला आधीच ठाऊक असते. आईला शेंग ठाऊक होती, मला गरा ठाऊक होता. मधल्या ओळीचे उत्तर मात्र मला ठाऊक नव्हते. ते तिच्याजवळ होते. ज्याचे उत्तर दुसऱ्याजवळ असते ते कोडे नव्हे, तो साधा प्रश्न. मी प्रश्नाला कोड्याचे कपडे चढवले होते, एवढ्याचसाठी, की नकार आला तर 'अहो, गंमत होती' म्हणता यावे. पहिले घर मी तिच्यासाठी मोकळे ठेवले नव्हते; स्वतःला पळायला ठेवले होते.

सोमवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर मी तिला विचारले. कागद नाही, श्लेष नाही. सरळ वाक्य होते, आणि त्याचा एकच अर्थ निघत होता. माझा घसा कोरडा पडला होता. तिने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "तुमची कोडी मला मनापासून आवडतात. पण कोडे आवडणे वेगळे, आणि हे वेगळे. आणि सरळ विचारलेत, ते बरे केलेत. त्या कागदावर मला नाही म्हणायलाही नीट जागा नव्हती."

त्या रात्री शेंगा फोडताना मी गप्प होतो. आईने कोडे घातले नाही. बराच वेळाने म्हणाली, "हरलास काय रे?" मी म्हणालो, "हरलो." तिने विचारले नाही, कशात. अर्ध्या शेंगा माझ्यासमोरून उचलून तिने स्वतःपुढे ओढल्या.

पुढे महिनाभर मी वाचनालयात गेलो नाही. मग एक दिवस गेलो. ती तिथेच होती, पेन्सिल हातात होती. मी पलीकडच्या टेबलावर बसलो. थोड्या वेळाने तिने वर्तमानपत्र माझ्याकडे वळवले आणि बोट ठेवले. "आडवा सात. शेतातले आहे."

मी पाहिले. उत्तर मला येत होते. पण आधी मी उभे शब्द तपासले, पहिल्या घरापासून.