दगडासारखी छाती, अंगात ताप आणि कोयत्याचा खाडा

मागच्या हंगामात माजलगाव तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर आम्ही गेलो होतो. एका कोपीत वीस दिवसांची बाळंतीण गोधडी पांघरून कुडकुडत पडली होती. सासू म्हणाली, "दूध साकळलंय, दुसरं काय नाही. त्या अंगाला पाजू नको म्हनलं, दूध नासलंय."

दूध साकळणं आम्हीही पाहिलेलं आहे. ते बहुधा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होतं. दोन्ही बाजू जड, ताठ आणि चकचकीत होतात, क्वचित अंग थोडं गरम लागतं. पण ते एखाद्या दिवसात उतरतं आणि बाळ नीट प्यायलं की छाती हलकी होते. इथं मात्र विसावा दिवस होता. दुखत होती ती एकटी डावी बाजू. बाहेरच्या अंगाला लाल चट्टा, हात लावू देईना, बोंडाला चीर पडलेली. थर्मामीटर लावला तर ताप १०२. हा स्तनदाह होता. दूध आत तुंबतं, सूज येते आणि चिरेतून जंतू शिरले की ताप भडकतो.

तुंबायचं कारण विचारायची गरजच नव्हती. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस चुकला की खाडा. बाई बाराव्या दिवसापासून फडात होती. बाळ कोपीत आणि पाजणं दुपारी एकदा.

सासूचं एक चुकलं होतं. पाजणं थांबवलं की दूध आणखी तुंबतं. या दुखण्यातलं दूध बाळाला बाधत नाही. आम्ही सांगितलं, फार दुखलं तर आधी उजवीकडं लाव, मग डावीकडं. बाळ ओढत नसेल तर हातानं हलकं होईल इतकंच काढ. पाजून झालं की थंड पाण्याची पट्टी. तेल लावून जोरानं चोळणं नको, त्यानं सूज वाढते. तापाला पॅरासिटामॉल.

नुसती सूज असती तर एक दिवस वाट पाहिली असती. पण ताप दोन दिवसांचा आणि थंडी भरलेली, म्हणून त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. पाजत्या आईला चालणारं अँटिबायोटिक डॉक्टरांनी दहा दिवसांचं दिलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, तेव्हा गोळ्या बंद करायला निघाली होती. पुरत्या कर, असं बजावलं. औषध घेऊनही दोन दिवसांत उतार नाही, किंवा दाबल्यावर लिबलिबीत गाठ लागते, तर आत पू झालेला असू शकतो. मग सोनोग्राफी करून सुईनं किंवा चीर देऊन तो काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

आणि हो, म्हशीला काससुजी झाली की आपल्याकडं त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर येतो. या बाईचा नवरा आम्हाला विचारत होता, "किती खाडे पडतील?" आम्ही मुकादमाकडं गेलो. तीन दिवसांचे खाडे त्यानं लावलेच. चौथ्या दिवसापासून बाळ फडाच्या बांधावर झोळीत ठेवायला आणि दर दोन-तीन तासांनी पाजायला मात्र तो कबूल झाला.