नावापुढचा रकाना

नांदगाव खंडेश्वरच्या त्या घरात फोन नंबरांची एकच डायरी होती आणि तिच्यात नावापेक्षा नावापुढचा मजकूर मोठा असे. ‘थ्रेशरवाला, दिवाळीच्या आधी सांगावं.’ ‘धामणगावचा अडत्या, भाव खरा सांगतो.’ ‘पंपवाला, बडनेरा, उधारी चालते.’ लहानपणी नंबर उतरवून घ्यायचं काम घरातल्या मुलीकडे असे. नुसतं नाव लिहिलं की बाप म्हणायचा, “अवं, थो काय कामाचा हाय, थे बी लिही ना.”

अमरावतीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेल्यावर महिनाभरात तिच्या मोबाइलमध्ये ढीगभर नंबर जमले. क्लबचे सीनियर, त्यांचे सीनियर, विभागातले सर. ‘रोहित सर क्लब’, ‘रोहित सर 2’ अशा नोंदी वाढत गेल्या आणि दिवाळीपर्यंत कोणता रोहित कोण, हे तिला आठवेना. मग तिनेही वही केली. कोण भेटलं, कुठे, काय बोलणं झालं आणि आपण काय करतो म्हणालो, एवढंच लिहायचं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण बहुतेक ओळखी तिथेच मरतात.

पाहुण्यांच्या व्याख्यानाला पहिल्या वर्षाची मुलं हजेरीसाठी बसवलेली असतात. व्याख्यान संपलं की पाहुण्याभोवती सेल्फीचा घोळका होतो, आणि त्यातलं कोणी त्याच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो कामाला असलेला पोरगा. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईहून येणारा माणूस पहाटे बडनेऱ्याला उतरतो. त्याला आणायला कोणी राजी नसतं. जो जातो, त्याला शहरापर्यंतची पंधरा-वीस मिनिटं मिळतात. एका व्याख्यानाच्या वेळी तिच्या वाट्याला आलं पाहुण्यांचा परिचय लिहिण्याचं काम, ते मराठी बरं म्हणून. सरांनी दिलेली माहिती जुनी होती. तिने फोन करून विचारलं, “सर, तुमचं आताचं पद काय सांगू?” पाहुणे पुण्यात विजेच्या वाहनांच्या बॅटऱ्या तपासायचे. त्या एका फोनमुळे सभागृहात शिरताना त्यांना तिचं नाव ठाऊक होतं.

तिने प्रश्नही घरचाच विचारला : मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा बॅटरीचं काय होतं? ते म्हणाले, लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये. चांगल्या पॅकमधली यंत्रणा अशा वेळी चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. उन्हात तापत राहिली तर तिचं आयुष्यही घटतं. “मोजून बघ,” असं सहज बोलून ते गेले. पाहुणे असं प्रत्येक गावी म्हणत असावेत.

तिने मोजलं. क्लबची विजेवर चालणारी सायकल टिनाच्या शेडमध्ये असे. मे महिन्यात दुपारी पॅकला तापमापी लावून तिने आकडे लिहिले आणि जूनमध्ये तीन ओळींच्या ईमेलसोबत तक्ता पाठवला. नोकरीचा विषय नाही, बायोडाटा नाही. उत्तर आलं ते चूक दाखवणारं : तू डब्याचं तापमान मोजलंस, सेलचं नाही, आतलं त्याहून जास्त निघेल. तिथून पुढे बोलायला विषय मिळाला. वर्गातल्या एकाने त्याच पाहुण्यांना रोज फुलांचं ‘शुभ सकाळ’ पाठवायला घेतलं होतं. आधी उलट नमस्कार यायचा, मग नुसता अंगठा, मग काहीच नाही. असं झालं की समजावं, आपला नंबर म्यूट झाला.

अशा पातळ ओळखींवर मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 साली लिहिलं. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये त्याने नोकरी बदललेल्यांना विचारलं की, ज्याच्याकडून खबर मिळाली, तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे शंभरात जेमतेम 17 निघाले, अधूनमधून भेटणारे 56, वर्षाकाठी एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे 28. नांदगावात हे वेगळं सांगावं लागत नाही. जे चौकात कळलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळतं; नवी खबर यायची तर धामणगावहून किंवा बडनेऱ्याहून. जिवलग मैत्रिणींना तेवढंच माहीत असतं, जेवढं आपल्याला. पण 2022 मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांवर झालेल्या अभ्यासाने यात एक दुरुस्ती केली : अगदीच पुसट ओळख फार उपयोगाची नसते, बेताची पातळ असलेली सर्वाधिक कामी येते. वर्षातून दोन-तीनदा, काही सांगण्यासारखं असताना लिहिलेला ईमेल त्याच पट्ट्यात बसतो.

तिसऱ्या वर्षी त्या पाहुण्यांनी कळवलं की आपल्याकडे जागा नाही, पण चाकणच्या एका कंपनीत उन्हाळ्यात प्रशिक्षणार्थी घेणार आहेत, अर्ज दहा तारखेच्या आत कर. शब्द टाकतो, असं ते म्हणाले नाहीत आणि तिनेही विचारलं नाही. मुलाखतीत बायोडाटा एकदा चाळून बाजूला ठेवला गेला. पाऊण तास प्रश्न आले ते डब्याच्या आणि सेलच्या तापमानातल्या फरकावर.