आंबाही उततो

लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्यातली तीसेक वर्षं मी दर उन्हाळ्यात बायकोची एकाच गोष्टीवरून चेष्टा केली, आणि ती चेष्टा चुकीची होती. चारचौघांत केली होती, म्हणून कबुलीही चारचौघांत देतो.

अंबाजोगाईजवळ आमच्या शेतात गावरान आंब्याची तीन झाडं आहेत. एक शेंद्र्या, एक साखऱ्या, आणि तिसऱ्याला नाव नाही, तो नुसता ‘विहिरीवरचा’. मृगाच्या आसपास आढी उघडली की बादली मधे ठेवून सगळे गोल बसतात. हा आंबा चिरून खायचा नसतो. तळहातांत घोळायचा, देठाकडची साल दातानं काढायची आणि चोखायचा. शेवटी साल उलटी करून दातानं खरवडायची. मी तर शेंद्र्याची सालही चावून खातो. थोडी तुरट, थोडी टर्पेंटाईनसारखी लागते, पण मला आवडते.

बायकोचं तसं नव्हतं. आंबे खाल्ले की दोन-तीन दिवसांनी तिच्या ओठांच्या कडा लाल व्हायच्या, तोंडाच्या कोपऱ्यांवर बारीक पुरळ उठायचं, पाणी धरायचं, मग आठवडाभर साल निघत राहायची. “अहो, मला आंबा चालतच नाही,” ती म्हणायची. मी म्हणायचो, “आंबा चालत नाही असं माणूस असतं का? आंबा उष्ण असतो. रात्रभर पाण्यात ठेवलेले खा, वरून सब्जा घे.” तिचं माहेर परळीचं. परळीची माणसं नाजूक, हा माझा ठरलेला विनोद पाहुण्यांत हमखास चालायचा.

माझ्याकडे एक पुरावाही होता. तिनं आंबा न चोखता नुसता रस खाल्ला, तरी कधीकधी तोंड उठायचं. मग साल कुठून आली? म्हणजे उष्णताच!

एका वर्षी मात्र ओठांबरोबर पापण्याही सुजल्या. आंबा घोळलेल्या हातांनी तिनं डोळे चोळले होते. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आंबे किती खाल्ले हे त्यांनी विचारलंच नाही. “आंबा कसा खाता?” असं विचारलं. मी बसल्या जागी घोळून, देठ दातानं तोडून दाखवलं. मग त्यांनी बायकोला विचारलं, “लहानपणी कधी बिब्बा उतला होता का?”

उतला होता. ती आठ-नऊ वर्षांची असताना टाचेत बाभळीचा काटा मोडला, आजीनं बिब्ब्याचा चटका दिला, आणि घोट्यापर्यंत पाय सुजून फोड आले. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आलो होतो. आंब्याशी तिचा काही संबंध असेल, असं मनातही आलं नव्हतं.

संबंध कुळाचा आहे. आंबा, बिब्बा, काजू, चारोळी ही सगळी एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलातलं तेल हात जाळतं, बिब्ब्याचं तर विचारूच नका. आंब्याच्या चिकात आणि सालीतही त्याच जातीची तेलकट द्रव्यं असतात, फक्त बरीच सौम्य. पण हे भाजणं नव्हे. ज्याच्या शरीराला त्या द्रव्याची एकदा ओळख पटून वाकडं आलेलं असतं, त्याच्याच कातडीवर ते उठतं. द्रव्य कातडीत शिरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला शत्रू समजून धावतात. त्यांना जमायला वेळ लागतो, म्हणून पुरळ लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनी येतं. रविवारी आंबे खायचे आणि मंगळवारी रात्री खाज सुटायची. तोवर मधे वांगी, मिरचीचा ठेचा, ऊन, सगळं होऊन गेलेलं असायचं, आणि दोष ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे वाटला जायचा.

बिब्ब्यामुळे वाकडं आलेल्या माणसाला आंब्याचा चीक त्याचा भाऊबंद वाटू शकतो. असंच अमेरिकेत होतं. तिथे पॉयझन आयव्ही नावाची याच कुळातली एक विषारी वेल रानोमाळ असते. इस्रायलमध्ये उन्हाळी शिबिरात आंबे तोडायला गेलेल्या 17 अमेरिकनांच्या अंगावर पुरळ उठलं, त्यांच्याबरोबर तोडणाऱ्या स्थानिकांना काहीच झालं नाही. 2005 साली तिथल्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं. अमेरिकन लोक त्या वेलीच्या मुलखातून आलेले होते. आंबे तेच, झाडं तीच, फरक मागच्या ओळखीचा. मीही साल चावतो आणि मला काही होत नाही, यात माझा पराक्रम कसला?

रसाचं कोडंही तिथेच सुटलं. आमच्याकडे रस हातानं पिळतात. साली आणि कोयी थोड्या पाण्यात चोळून ते धुवणही पातेल्यात ओततात, आंबा वाया जायला नको म्हणून. म्हणजे सालीवरचं सगळं पातेल्यातच. रात्रभर पाण्यात ठेवण्याचाही मला वाटत होता तो उपयोग नव्हता. वाळलेला चीक थोडाफार सुटत असेल, पण तेलकट वस्तू नुसत्या पाण्यानं पुरती जात नाही, साबण लागतो.

डॉक्टरीणबाईंनी एक मात्र बजावलं. आंबा खाताच काही मिनिटांत घसा आवळला, श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या, तर ते प्रकरण वेगळं. तिथे घरगुती प्रयोग नाही, सरळ दवाखाना. बायकोला तसं कधी झालं नव्हतं.

पुरळ पूर्ण गेल्यावर प्रयोग करायचं तिनंच ठरवलं. त्याच शेंद्र्याचे, त्याच आढीतले दोन आंबे. मी ते साबणानं धुतले, देठाकडून जाड चकती कापून टाकली, आणि साल चांगली जाड काढली. ती द्रव्यं सालीखालच्या गरातही काही मिलिमीटर उतरलेली असतात. मग हात धुतले, सुरी बदलली, गर वाटीत काढून चमच्यासकट तिच्यापुढे ठेवला. गावरान आंब्याच्या फोडी म्हणजे नुसती चिपाडं, पण तिनं खाल्ल्या. रविवार गेला, मंगळवार गेला, गुरुवारपर्यंत वाट पाहिली. ओठ जसेच्या तसे. उष्णता असती तर ती या दोन आंब्यांतही होतीच की.

तेव्हा साल खावी की नाही? विषारी नाही. कैरीच्या लोणच्यात आपण वर्षभर सालच खातो. तंतुमय असते, आणि ज्याला काही होत नाही त्यानं धुऊन खाल्ली तर हरकत नाही. बाजारच्या आंब्याची मी आता खात नाही, त्यावर काय फवारलं ते मला ठाऊक नसतं. ज्याला एकदा उठलं, त्यानं सालीच्या वाटेला जाऊ नये. कौतुकानं कुणाला आग्रहही करू नये, हे मी मलाच सांगतोय.

वडील आंबा तोंडाला लावण्याआधी देठ मोडून पहिले दोन थेंब जमिनीवर पिळायचे. मी त्याला चोचले म्हणायचो. केशर उतरवणारे देठाचा बोटाच्या पेरापेक्षा छोटा तुकडा ठेवूनच फळ तोडतात, नाहीतर चिकाचा ओघळ जिथे पडतो तिथे सालीवर काळा डाग उठतो. आंब्याचीच साल आंब्याच्या चिकानं जळते, हे मी बागेत शंभरदा पाहिलं होतं. बायकोच्या ओठाला तोच चीक लागतो हे मात्र दिसलं नाही.

यंदा लोणच्याच्या कैऱ्या मी फोडल्या. तिनं लांबून सांगितलं, “माझ्या वाटणीच्या सोलून घ्या, आणि अडकित्ता धुवा.” धुतला.