सहा मीटरचा चौकोन : हॉकीतलं पहिलं ड्रिबल, पहिला पास

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुमच्या शाळेच्या कपाटात हॉकीच्या काठ्या नुसत्या पडून असतील, तर त्याचं कारण बहुतेक वेळा भीती हेच असतं. छत्तीस मुलं, त्यातल्या अठरांच्या हातात लाकडी काठी, आणि क्रिकेटच्या चेंडूइतका जड नि टणक चेंडू. एखाद्याचा दात पडला तर पालकांना काय सांगायचं? ही भीती खोटी नाही. पण माझ्या अनुभवात मार लागतो तो खेळामुळे कमी आणि मोकळ्या मैदानामुळे जास्त. नवख्या मुलांना अख्खं मैदान दिलं की ती चेंडूमागे घोळक्याने धावतात आणि बॅटसारखी काठी फिरवतात. हेच मैदान चौकोनांत कापलं की फिरवायला जागाही उरत नाही आणि गरजही.

मी सातवीच्या वर्गासाठी काय करतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचा हिशोब मांडता येईल. मुलं ३६, काठ्या १८, तासिका ४० मिनिटांची. एका ओळीत सहा चौकोन आखायचे, प्रत्येक ६ मीटर बाय ६ मीटर, आणि दोन चौकोनांमध्ये ३ मीटरची गल्ली. सगळी ओळ ५१ मीटर लांब होते. खुणेचे शंकू नसतील तर चुना चालतो. दगड किंवा विटा मात्र नकोत, चेंडू त्यावर आपटून उडतो. प्रत्येक चौकोनात तीन मुलं काठीसह. त्यांचे तीन जोडीदार ओळीच्या एकाच बाजूला, रेषेपासून पाच मोठी पावलं मागे, तोंड खेळाकडे करून उभे. गल्लीत कोणीही थांबायचं नाही, ती फक्त माझ्या फिरण्यासाठी. चेंडू गल्लीत गेला तर थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, चालत जायचं आणि चेंडू हाताने उचलून आणायचा. दर तीन मिनिटांनी आतले बाहेर, बाहेरचे आत.

चौकोन आखण्याआधी काठ्या बघून घ्या. जुन्या काठीवरून सुती फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे कुसळ आहे, ती काठी घासल्याशिवाय द्यायची नाही. दुसरं म्हणजे लांबी. मूल सरळ उभं असताना शेजारी टेकवलेल्या काठीचं वरचं टोक साधारण कंबरेच्या हाडाशी यायला हवं. मोठ्यांची काठी लहान मुलाला दिली की वाकल्यावर मूठ पोटात टोचते, मग ते मूल हात बाजूला नेतं आणि काठी वर उचलायला लागतं. शिस्तीचा प्रश्न वाटतो, पण असतो मापाचा.

नियम मी चारच सांगतो. काठीचा वाकडा भाग गुडघ्याच्या वर जाणार नाही. चेंडू मारायचा नाही, ढकलायचा. शिट्टी वाजली की काठी जमिनीवर आडवी. चालताना काठी दोन्ही हातांत, टोक खाली. मोठ्यांच्या खेळात काठी याहून वर नेता येते, त्यामुळे टीव्हीवर सामने बघणारी मुलं वाद घालतात. घालू द्या. गुडघ्याचा नियम आपल्या वर्गाचा आहे, आणि जो मोडेल त्याची काठी लगेच जोडीदाराकडे जाते. काठ्या निम्म्या असल्याचा हा एक फायदा! पायाला नडगीचे पॅड आणि तोंडात दातांचं संरक्षक असावं. ते नसतील तर टेनिस बॉल वापरा आणि समोरासमोर चेंडू हिसकावण्याचे खेळ पुढे ढकला. टेनिस बॉल हलका, त्यामुळे काठीपासून पटकन दूर पळतो आणि खडबडीत जमिनीवर उसळतो. ती अडचण सोसायची.

आता पकड. डावा हात सगळ्यात वर, उजवा हात खाली. सगळी गंमत डाव्या हातात आहे. काठीची फक्त सपाट बाजू चेंडूला लावता येते, गोल पाठीने खेळलं तर फाऊल. म्हणून चेंडू उजवीकडून डावीकडे नेऊन परत आणायचा तर काठीच उलटी फिरवावी लागते. फिरवतो डावा हात. उजव्या हाताची मूठ सैल बांगडीसारखी राहायला हवी, काठी तिच्या आत फिरली पाहिजे. मुलं नेमका उजवा हात आवळतात. तपासायची युक्ती सोपी आहे : उजवा हात सोडायला सांगा आणि फक्त डाव्या मनगटाने काठीचं टोक उलटं-सुलटं करायला लावा. टोक पूर्ण उलटत नसेल तर डावा हात तव्याच्या दांड्यासारखा धरलेला आहे, तो वळवून घ्या.

माझ्या वर्गात एक डावखुरी मुलगी होती. ती उजवा हात वर धरायची आणि तिच्या मते तेच बरोबर होतं. सामन्याच्या नियमांत डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी नाही, सपाट बाजू सगळ्यांची एकाच अंगाला. हे तिला सांगितल्यावर ती हिरमुसली. मग मी एवढंच म्हणालो, "अगं, तुझा हुशार हात वर आलाय, फिरवायचं काम त्याचंच आहे." दुसऱ्या आठवड्यात काठी उलटी फिरवण्यात ती वर्गात पुढे होती. डावखुऱ्या मुलांना खालचा हात जड वाटतो, वरचा नाही, हे लक्षात ठेवा.

पहिल्या तासिकेत चेंडू उजव्या पावलाच्या जरा पुढे नि बाहेर ठेवून, काठी त्याला जवळजवळ चिकटवून, चौकोनाच्या एका रेषेपासून समोरच्या रेषेपर्यंत नुसतं चालायचं. तिघांनीही एकाच दिशेने. उलटसुलट काठी फिरवणं अजून नाही. दुसऱ्या तासिकेत तिघं चौकोनात मोकळे फिरतात आणि इथे बाहेरचे जोडीदार कामाला लागतात. जोडीदार मधूनच बोटं दाखवतो, आतल्याने चेंडू न थांबवता आकडा ओरडायचा. खाली मान घालून फिरणारं मूलच दुसऱ्यावर आदळतं, म्हणून हा सराव कौशल्याचाही आहे आणि सुरक्षेचाही. तीन मिनिटांत किती आकडे बरोबर आले ते जोडीदार मोजतो.

तिसऱ्या तासिकेत काठी उलटी फिरवणं येतं, तेही आधी उभ्या जागी. ते जमलं की चौकोन ४ मीटरवर आणतो, पण आत दोघंच ठेवतो. जागा लहान झाली की चेंडू आपोआप जवळ येतो, "जवळ ठेव, जवळ ठेव" असं ओरडावं लागत नाही. किती लहान करायचा हे कानाने कळतं. काठीवर काठी आपटल्याचा आवाज वारंवार यायला लागला की जागा कमी पडतेय, एक मीटर वाढवा. आणि चेंडू मुलापासून काठीच्या लांबीहून जास्त दूर जात असेल तर मुलांचा वेग जास्त आहे, चालायला लावा.

पासला कानच उपयोगी पडतो. ढकललेल्या चेंडूला 'ठक' असा आवाज येत नाही, कारण काठी आधीपासूनच चेंडूला टेकलेली असते. आवाज आला म्हणजे मुलाने काठी मागे नेऊन मारलं. छत्तीस मुलांवर डोळा ठेवता येत नाही, कान ठेवता येतो. डावा पाय पुढे, डावा खांदा जोडीदाराकडे, दोन हातांत अंतर, चेंडू पुढच्या पावलाच्या जवळपास, आणि शरीराचं वजन मागच्या पायावरून पुढे. चौकोन पुन्हा ६ मीटरचा करा. पास ओळीच्या आडवा द्यायचा, म्हणजे सुटलेला चेंडू मोकळ्या जागेत जातो, शेजारच्या चौकोनातल्या मुलाच्या घोट्यावर नाही. बाहेरच्यांकडे पोचेपर्यंत तो मंदावलेला असतो आणि त्यांची तोंडंही खेळाकडेच असतात.

चेंडू घेणं मात्र पास देण्यापेक्षा जास्त वेळ शिकवावं लागतं. चेंडू येत असताना काठीची मूठ चेंडूच्या दिशेने पुढे झुकलेली हवी, म्हणजे काठी चेंडूवर छपरासारखी येते आणि तो खाली दबून थांबतो. मूठ मागे राहिली तर काठीचा उतार तयार होतो, चेंडू त्यावरून चढतो आणि घेणाऱ्याच्याच गुडघ्यावर किंवा तोंडावर येतो. नवख्या मुलांना लागण्याचं हे मोठं कारण आहे, आणि त्यात दांडगाईचा काही संबंध नसतो. म्हणून कुठल्याही चौकोनात चेंडू उडाला की पास देणाऱ्याला रागावण्याआधी घेणाऱ्याची मूठ बघा.

चौथी-पाचवी तासिका यातच जाते : आधी दोघांत, मग तिघांच्या त्रिकोणात. त्रिकोणात एक गोष्ट दिसेल. आत तोंड करून उभी असलेली मुलं चेंडू डावीकडच्याला सहज देतात, म्हणजे चेंडू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. उलट दिशेने फिरवायला सांगितलं की अडखळतात. उजवीकडे पास द्यायचा तर आधी पावलं वळवून डावा खांदा तिकडे न्यावा लागतो, आणि मुलं पावलं न हलवता नुसते हात ओढतात. त्यामुळे मी उलट्या दिशेला दुप्पट वेळ देतो.

सहाव्या तासिकेला तीन विरुद्ध एक. ६ मीटर इथे कमी पडतात, म्हणून ८ मीटरचे चार चौकोन करतो. दोन काठ्या उरतात, त्या बाजूला आडव्या. मधल्या मुलाची काठी सतत जमिनीला टेकलेली, त्याने फक्त वाटेतला चेंडू अडवायचा, दुसऱ्याच्या काठीवर काठी घालायची नाही. सलग चार पास झाले की एक गुण. दोन पासांतच चेंडू जात असेल तर चौकोन १० मीटरचा करा, सहा-सात पास आरामात होत असतील तर ७ चा.

पहिली काही मिनिटं मुलं मधल्याच्या पाठीमागे लपून "दे, दे" ओरडतील. तिथे पास जाणार कसा? चेंडू असलेल्याच्या दोन्ही अंगांना या, असं सांगावं लागतं. मग एखादं मूल रस्ता बंद बघून चेंडू दोन पावलं उजवीकडे सरकवतं, मधला त्याच्यामागे सरकतो आणि डावीकडची वाट मोकळी होते. ते दिसलं की शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवा, काठ्या खाली ठेवायला लावा, आणि त्याच मुलाला तेच पुन्हा करून दाखवायला सांगा. त्या दोन पावलांसाठीच आपण तीन तासिका ड्रिबल केलेलं असतं.