चाकणच्या भट्टीवरचा दाणा

नाशिक फाट्यावरून राजगुरुनगरची पीएमपी पकडली तेव्हा साडेसहा वाजत होते. भोसरीपर्यंत गाडी बरी पळाली, मोशीला इंद्रायणीच्या पुलाअलीकडे मात्र रांगेत अडकली. चिंबळी, कुरुळी, मग चाकण. अंतर फार नाही, पण या रस्त्यावर किलोमीटर मोजण्यात अर्थ नसतो. पहिली पाळी गाठायला निघालेल्या कंपन्यांच्या बसा, गाड्यांचे सुटे भाग लादलेले ट्रेलर आणि त्यांच्या फटीतून घुसणारे, कॅन अडकवलेले दुधवाले. मला त्या कॅनांमध्येच रस होता.

दुसऱ्या दिवशी १७ सप्टेंबर, म्हणजे विश्वकर्मा पूजा. या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपांतून उत्तर प्रदेश-बिहारची मुलं लेथ, प्रेस स्वच्छ पुसून त्यांना हार घालतात आणि मिठाई वाटतात. आपल्याकडची खंडेनवमी आणि दसरा त्यानंतर. त्यामुळे चाकणच्या मिठाईवाल्यांचा हंगाम दिवाळीची वाट बघत बसत नाही. माझ्या ओळखीच्या एका अलवरकडच्या कारागिराने आदल्या दिवशी या म्हणून सांगितलं होतं. तळेगाव चौकाच्या पुढे, दुकानामागे पत्र्याची शेड आणि तिच्यात गॅसच्या दोन भट्ट्या.

अलवर म्हटलं की कलाकंद आलाच. फाळणीनंतर तिथे आलेल्या बाबा ठाकूरदासांच्या नावाने तिथला कलाकंद ओळखला जातो. पण अलवरकडे कलाकंद म्हणतात ती मिठाई आपण मिल्क केक म्हणून खातो, मधोमध तांबूस असते ती. मला हवा होता पांढरा, ओलसर, बोटाने दाबला की दाणे सुटे होणारा. कारागीर म्हणाला, "ताई, दोन्ही एकाच कढईतून निघतात. ओतल्यावर नशीब बदलतं."

दूध खेड तालुक्यातल्या गोठ्यांवरचं, सकाळच्या धारेचं, म्हशीचं. गाईचं का नाही, असं विचारलं तर त्याने हाताने नकार दिला. गाईच्या दुधाला फॅट आणि घट्टपणा दोन्ही कमी, दाणा बारीक पडतो आणि रंग पिवळट येतो. कॅन रिकामा करण्यापूर्वी त्याने पातेलीत थोडं दूध उकळून पाहिलं. आंबूसपणाकडे झुकलेलं दूध तिथेच फाटतं. तसं दूध कढईत गेलं तर आपण आम्ल घालायच्या आधीच ते आपल्या मर्जीने फाटणार, आणि मग हातात काही राहत नाही.

दहा लिटर दूध रुंद, जाड बुडाच्या कढईत पडलं. मोठी आच. लांब दांड्याचा खुरपा बुडावरून सतत फिरत होता आणि कडेला चिकटलेली साय पुन्हा आत ढकलली जात होती. इथवर खवा आणि कलाकंद यांचा रस्ता एकच. वेगळं होतं ते दूध निम्म्याच्या आसपास आटल्यावर.

त्याने एका वाटीत तुरटीची पूड घेतली, खाण्याची, पाच ग्रॅमच्या आतच असेल, आणि अर्धा पेला पाण्यात विरघळवली. आच मंद केली. पाणी एकदम न ओतता धार धरली, थांबला, खुरपा दोनदा सावकाश फिरवला, पुन्हा धार. तिसऱ्या खेपेला दुधाचा पोत बदलला: वर तरंगणारा गुळगुळीतपणा गेला आणि खुरप्यावरून ओघळणाऱ्या दुधात रव्याएवढे कण दिसायला लागले. वाटीत पाणी उरलं होतं, ते त्याने मोरीत फेकून दिलं.

"दूध फाडायचं नाही, दाणा पाडायचाय."

कलाकंदाची सगळी गोम यातच आहे. पनीर करताना आम्ल इतकं घालतात की दुधातलं केसीन पूर्ण गोळा होतं आणि हिरवट पाणी वेगळं सुटतं. इथे केसीनचा थोडाच भाग गोळा करायचा, पाणी वेगळं होऊ द्यायचं नाही. दाण्याभोवतीचं उरलेलं दूध पुढे आटून त्याच दाण्यांना चिकटून बसतं. म्हणून आत दाणेदार आणि बाहेरून मऊ. आम्ल जास्त झालं तर कढईत निवळी दिसते आणि चोथा चावताना रबरासारखा लागतो. कमी झालं तर दाणा पडतच नाही, पेढ्याचा गुळगुळीत खवा हाती येतो. कमी पडलेलं आणखी दोन थेंबांनी सावरतं, जास्त झालेलं परत काढता येत नाही. म्हणून ती धार इतकी कंजूष.

लिंबू का नाही, हा माझा घरगुती प्रश्न. लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं, पण हे लिंबू रसाळ, ते कोरडं. रोज दोन कढया उतरवणाऱ्याला एवढी अनिश्चितता परवडत नाही. शिवाय वास राहू शकतो. काही कारागीर सायट्रिक आम्लाचेच खडे, म्हणजे टाटरी, वापरतात. दहा लिटरला दोन ग्रॅम पुरते. तुरटीला वास नाही, पण हात सैल सुटला तर जिभेवर तुरटपणा राहतो. घरी दोन लिटर दुधाला लिंबूच बरं: दीड चमचा रस, दुप्पट पाण्यात मिसळून, थेंबाथेंबाने.

दाणा पडल्यावर खुरप्याची चाल बदलली. आता घोटणं नाही, बुडावरून उचलून उलटणं. जोरात घोटलं तर दाणे मोडतात आणि मघाची मेहनत वाया जाते. दूध शिऱ्याइतकं घट्ट झाल्यावर सातशे ग्रॅम साखर पडली आणि मिश्रण परत सैल झालं. माझा चेहरा बघून मदतनीस पोरगा हसला. साखर विरघळली की असं होतंच. ती आधी घातली असती तर दुधाबरोबर तासभर शिजून रंग तांबूस झाला असता. पुढची दहा-बारा मिनिटं आच सांभाळायची. मिश्रण कढईची कड सोडायला लागलं आणि खुरप्यावर ढीग उभा राहिला, तसा वेलदोडा टाकून त्याने गॅस बंद केला. ओलावा थोडा शिल्लक असतानाच थांबायचं, कारण गरम कढईत ते आणखी आवळतं. कोरडं होईपर्यंत वाट पाहणाऱ्याच्या वड्या दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होतात.

पावणेतीन किलोच्या आसपास माल उतरला. अर्धा तूप लावलेल्या उथळ ट्रेमध्ये, दीड इंच जाडीचा. वर पिस्त्याचे काप आणि पंख्याखाली. उरलेला खोल चौकोनी डब्यात दाबून भरला आणि डबा पोत्यांत गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. जाड थराची उष्णता आतून बाहेर पडायला रात्र लागते. तोवर दुधातली साखर आणि प्रथिनं आतल्या आत भाजली जातात आणि मधला भाग तपकिरी होतो. उथळ ट्रेचा कलाकंद लवकर निवतो, म्हणून पांढरा राहतो.

दुपारी वड्या कापल्या. सुरी ओढल्यावर कडेला दाणे उघडे पडले, आत किंचित ओलं चमकत होतं. खाताना आधी दूध, मग गोड. पुण्यात नेहमीच्या खव्याच्या वड्यांत साखर पुढे धावते, इथे तसं झालं नाही. मी अर्धा किलो बांधून घेतला. कारागिराने बजावलं, फ्रिजबाहेर एका दिवसात संपवा. ओलावा आहे, सप्टेंबरची हवा आहे, दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला तर टाकून द्या.

परतीला मोशीच्या अलीकडे गाडी पुन्हा थांबली. शेजारी बसलेल्या सीएनसी ऑपरेटरने पुडक्याकडे दोनदा पाहिलं. मी एक वडी पुढे केली. त्याने ती तोडून आतला दाणा बघितला आणि म्हणाला, "आमच्या गावाकडं यात लिंबू पिळतात, पण हा चांगला पडलाय." मग त्याने दुकानाचा पत्ता विचारून मोबाइलमध्ये लिहून घेतला, त्यांच्या वर्कशॉपमध्ये चाळीस माणसं होती आणि पूजेची मिठाई अजून सांगायची राहिली होती.