फोटोत न आलेली ओळ

संख्याशास्त्र शिकवणाऱ्याच्या फोनमध्ये तक्त्यांचे फोटो साठत जातात. ग्रंथालयातल्या ट्यूबलाइटचा चट्टा पडलेले, तिरके, एका कोपऱ्यात अंगठा आलेले. विद्यार्थी फोटो काढतात तो आकड्यांचा. वरची मथळ्याची ओळ आणि खालची बारीक अक्षरांतली टीप हमखास कापली जाते, आणि तक्ता वाचायला नेमक्या त्याच दोन गोष्टी लागतात.

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने असाच एक तक्ता पाठवला होता. विषय होता बाजारभाव बघण्यासाठी मोबाइल वापरणारे शेतकरी. पेपर कुठला हे महत्त्वाचं नाही, आणि इथले आकडेही मी हिशेबाला सोयीचे करून घेतले आहेत. फोटोत दिसत होतं एवढंच: एकूण 52, पुरुष 54, स्त्रिया 4 आणि पुढे एक पुसट अंक, 6 किंवा 0. खाली अर्धवट टीप: ±5. तिने लिहिलं होतं, “सर, वापरणाऱ्यांत 54 टक्के पुरुष आणि 46 टक्के स्त्रिया, बरोबर ना? बेरीज 100 होते, म्हणून तो 6 च असणार.”

अंक 6 च होता, पण तिने दिलेलं कारण चुकीचं होतं. असं बरोबर उत्तर मला चुकलेल्या उत्तरापेक्षा जास्त धास्ती देतं, कारण ते तपासायला कुणी जात नाही.

मी तिला म्हटलं, 54 आणि 46 हे वापरणाऱ्यांचे दोन वाटे असतील, तर वरचे 52 कशाचे? त्याला जागाच उरत नाही. उलट 54 म्हणजे पुरुषांपैकी वापरणारे आणि 46 म्हणजे स्त्रियांपैकी वापरणाऱ्या असं धरलं, तर 52 हा दोघांमधला आकडा म्हणून नीट बसतो. दोन गटांची मिळून येणारी टक्केवारी नेहमी त्या दोघांच्या मध्येच पडते, आणि ज्या गटात माणसं जास्त त्याच्याकडे सरकते. इथे 52 हे 54 पासून 2 वर आहे आणि 46 पासून 6 वर. म्हणजे पुरुष स्त्रियांच्या साधारण तिप्पट असले पाहिजेत. आकडे पूर्णांकात आणलेले असल्याने हे प्रमाण ढोबळच, पण फोटोत न आलेली n ची ओळ एवढं आधीच सांगून बसली होती.

तरी पूर्ण पानाचा फोटो मी मागितलाच. त्यात n होता: एकूण 400, पुरुष 300, स्त्रिया 100. आता टक्के परत माणसांत बदलायचे. 300 चे 54 टक्के म्हणजे 162, 100 चे 46 टक्के म्हणजे 46. बेरीज 208, आणि 400 पैकी 208 म्हणजे बरोबर 52 टक्के. पुसट अंक 0 असता तर बेरीज 202 आली असती आणि एकूण 50.5 टक्के. 6 वाचायचा तो या हिशेबाने. दोन आकड्यांची बेरीज योगायोगाने 100 झाली, म्हणून नव्हे. तिचा मूळ प्रश्न होता वापरणाऱ्यांत पुरुष किती, तर 208 पैकी 162, म्हणजे 78 टक्के. 54 आणि 78 यांत केवढं अंतर! टक्केवारी तीच बरोबर, फक्त ती कितीजणांतली हे चुकलं होतं.

मग ±5. यावर तिचं उत्तर होतं, 52 चे 5 टक्के म्हणजे 2.6, म्हणून 49.4 ते 54.6. ही चूक वर्गात निम्मी मुलं करतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ‘5 टक्के’ म्हटलं की हात आपोआप गुणाकाराकडे जातो. इथले 5 हे टक्केवारीच्या पट्टीवरचे पॉइंट आहेत. 52 मधून सरळ वजा करायचे, सरळ मिळवायचे. 47 ते 57. निम्म्याहून जास्त शेतकरी मोबाइल वापरतात हे म्हणणं त्यामुळे डळमळीत होतं, कारण 47 निम्म्याच्या खाली आहे.

हे 5 येतात कुठून? 95 टक्के खात्रीच्या पातळीला आणि टक्केवारी पन्नासच्या आसपास असताना तोंडी हिशेब पुरतो: 1/√n. 400 चं वर्गमूळ 20, आणि एक विसांश म्हणजे 5 टक्के. ही खात्री त्या पद्धतीची असते. अशा शंभर पाहण्या केल्या तर साधारण पंच्याण्णव वेळा काढलेल्या पट्ट्यात खरा आकडा सापडेल. आपली पाहणी उरलेल्या पाचांतली आहे का, हे तक्ता सांगत नाही.

टिपेतला ±5 फक्त पहिल्या ओळीचा असतो, ही गोष्ट बहुतेक पेपर लिहीत नाहीत. स्त्रिया 100 आहेत, म्हणून त्यांच्यासाठी ±10. पुरुष 300, त्यांच्यासाठी ±5.8. आता पेपरातलं वाक्य बघा: पुरुष शेतकरी स्त्रियांपेक्षा मोबाइल जास्त वापरतात. फरक आहे 8 पॉइंटांचा. या फरकाची स्वतःची मार्जिन ऑफ एरर असते, आणि ती दोन्ही मार्जिनची साधी बेरीज नसते. दोघांचे वर्ग करायचे, मिळवायचे, वर्गमूळ काढायचं. 100 आणि साधारण 34, मिळून 134, वर्गमूळ साडेअकराच्या आसपास. म्हणजे 8 ± 11.5. खरा फरक 19 पॉइंटांचा असू शकतो, शून्य असू शकतो, स्त्रियाच थोड्या पुढे असू शकतात. फरक नाही असंही यातून सिद्ध होत नाही. एवढ्या स्त्रियांना विचारून ठरवता येत नाही, इतकंच.

छोट्या गटांबाबत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची शिस्त मला आवडते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही पाहणी करते. तिच्या तक्त्यांत 25 ते 49 जणांवर आधारलेली टक्केवारी कंसात छापतात, आणि 25 पेक्षा कमी असतील तर आकडाच देत नाहीत, तिथे तारांकन असतं. याचा खुलासा तक्त्याखालच्या टिपेत असतो. टीप कापलेला फोटो पाहून कंस म्हणजे वजाबाकीचं चिन्ह समजणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही मी पाहिला आहे. त्याच्या ताळेबंदात तसंच असतं.

शेवटची खोच पेपरच्या पद्धतीच्या प्रकरणात होती: 20 गावं, प्रत्येक गावात 20 शेतकरी. 1/√n हे सूत्र प्रत्येकजण स्वतंत्रपणे निवडला गेला असं धरून चालतं. एका गावात रेंज नसेल तर वीसही जण नाहीच म्हणणार. ती वीस उत्तरं वीस स्वतंत्र उत्तरांइतकी माहिती देत नाहीत. अशा निवडीमुळे विचरण दुप्पट झालं, तर 400 जण 200 च्या मोलाचे उरतात आणि ±5 चे ±7 होतात. पेपरने मात्र साधं सूत्रच लावलं होतं. बाईंच्या ऐवजी घरातल्या पुरुषानेच उत्तर दिलं असेल, तर ती चूक कुठल्याच ± मध्ये धरलेली नसते.

तेव्हा तक्त्याचा फोटो पाठवायचा असेल, तर फोन थोडा मागे घ्या. मथळा, n ची ओळ आणि खालची टीप चौकटीत आली पाहिजे, आणि जमलं तर नमुना कसा निवडला ते पानही सोबत पाठवा.