वरणाचं पाणी

वैशाखातली दुपार. बार्शीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, उन्हानं सावल्यासुद्धा भिंतींच्या पायाशी गोळा करून ठेवल्या होत्या, आणि दुकानात गुळाचा, हिंगाचा, बारदानाचा वास असा दाटून बसला होता की लहानपणी याच वासात पोत्यांच्या थप्पीवर लागलेली झोप पुन्हा डोळ्यांवर यावी. बाबा गुडघ्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. गल्ल्यावर बसून मला अकरा दिवस झाले होते.

आजी आल्या त्या पायरीवर जरा थांबून, धाप आवरत. पदराखालून पिशवी काढून त्यांनी काट्याशेजारी ठेवली. आत उरलेली तूरडाळ, दीडेक किलो.

"लेकरा, ही डाळ शिजत नाही रे."

पहिलीच तक्रार. कानशिलं तापली. बाबांनी लातूरहून आणलेली फटका डाळ, तिच्यावर बोट? "आजी, याच पोत्यातली निम्म्या गल्लीनं नेलीय, कुणाचं काही नाही," मी म्हणालो. त्या काही बोलणार तोच पुढं म्हणालो, "बदलून देतो." तरी त्या उभ्याच, म्हणून गल्ला उघडला. "बरं, पैसे घ्या."

आजींनी माझ्या हातातल्या नोटांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी अजून सांगितलंच कुठं?"

वर पंखा कुरकुरत होता. मी गल्ला लावला, आतलं स्टूल बाहेर आणलं. आजी बसल्या, पदरानं मान पुसली, आणि मग त्यांचं बोलणं पाटातल्या पाण्यासारखं आपल्या गतीनं, वळणं घेत, मध्येच एखाद्या आठवणीपाशी थबकत येत राहिलं. घरी आजोबांना दात उरलेले नाहीत. दोन्ही वेळा मऊ भात आणि वरण, एवढंच त्यांचं जेवण. अन् आता वरणात दाणा दाण्यासारखाच राहतो, पाणी वर अन् डाळ खाली, कितीही घोटलं तरी एकजीव होत नाही. ते ताट सरकवतात, बोलत मात्र काही नाहीत.

"पहिले आठ दिवस लोण्यासारखी शिजली बघ. गेल्या सोमवारपासून हे असं."

मी दोनदा उत्तर द्यायला तोंड उघडलं, दोनदा मिटलं. एकाच पिशवीतली डाळ आठ दिवस शिजते आणि नवव्या दिवशी हटून बसते, हे कसं? डाळ जुनी असती तर पहिल्या दिवसापासूनच शिजली नसती.

"सोमवारी घरात काय बदललं, आजी?"

"काय बदलणार? नळ गेला. बोअरचं पाणी भरतो. साबणाला फेस येईना, हंड्याला पांढरा थर धरलाय."

आत स्वयंपाकघरात आईनं कुकर लावला. आजींच्या डाळीतल्या दोन सारख्या मुठी, दोन डबे. एकात आमच्या जारचं पाणी, दुसऱ्यात आजींच्या घरून दुकानातल्या पोरानं पळत जाऊन आणलेलं बोअरचं. तेवढ्याच शिट्ट्या, तीच आच. कुकर निवेपर्यंत आम्ही तिघं गप्प बसून होतो. झाकण उघडलं, वाफ वर गेली आणि तुरीचा तो गोडसर, घरपणाचा वास माजघरभर पसरला. एका डब्यात पिवळी साय. डाव फिरवला तर दाणा हरवून गेला. दुसऱ्या डब्यातला दाणा बोटांत धरून चेपला. तो मधोमध कचकचला.

जड पाण्यातला चुना डाळीच्या दाण्याला बांधून ठेवतो, त्याला विरघळू देत नाही. आईनं तिच्या शब्दांत आजींना समजावलं: डाळीपुरतं प्यायचं पाणी घ्या, आधी तासभर भिजवा. तेही नसलं तर बोअरचं पाणी उकळून निवू द्या, खालचा साका सोडून वरचं घ्या. सगळा चुना जात नाही, पण फरक पडतो. चिंच डाळ शिजल्यावरच. आणि सोडा नको, सोड्यानं डाळ मऊ होते पण चव जाते.

मी दाराला टेकून ऐकत होतो. मघाशी पिशवी बदलून दिली असती, तर आजी नवी डाळ घेऊन याच उन्हातून घरी गेल्या असत्या, त्याच पाण्यात ती शिजायला टाकली असती, आणि रात्री आजोबांनी पुन्हा न बोलता ताट सरकवलं असतं. माझा हिशेब मात्र चोख राहिला असता.

ऊन उतरल्यावर आजी उठल्या. डाळीची पिशवी त्यांनी परत घेतली. जारच्या पाण्याची कळशी घेऊन मी त्यांच्या घरापर्यंत गेलो.